एकाच साखळीतल्या मेल आणि त्यांवरच्या वेगवेगळ्या पट्ट्या

हे प्रकरण आमच्या संस्थेच्या लेखा विभागात घडले. पैसे गेले नाहीत, परंतु जाण्याच्या अगदी बेतात होते. संस्थेची आउटलुकवर चालणारी मेल व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे नंतरचा तपासही मीच केला. मेलच्या वर दिसणाऱ्या सूचना म्हणजे नेमके कशाचे विधान आहे, हे त्या तपासात इतके स्पष्ट झाले की सगळा क्रम नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. संबंधितांची नावे दिलेली नाहीत आणि डोमेन, म्हणजे मेल पत्त्यांतले `@` नंतरचे भाग, बदलून लिहिली आहेत. मात्र त्यांच्या अक्षरांमधला फरक मूळ प्रकरणात होता तसाच ठेवला आहे, कारण सगळे त्या फरकावरच अवलंबून होते.

एका शुक्रवारी सकाळी बिले चुकती करणाऱ्या आमच्या लेखा सहायक माझ्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न असा होता : "सर, एकाच माणसाच्या दोन मेल आहेत. एकीवर ती बारीक ओळ आहे, दुसरीवर नाही. आणि जिच्यावर माझ्याकडे नाही, तिच्यावर भांडारातल्या साहेबांकडे आहे. असं कसं होईल?" मेल व्यवस्थेचे काम इतकी वर्षे करताना या सूचनांविषयी मला विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर शोधताना सगळे उलगडले.

आधी घटनाक्रम सांगतो. सुटे भाग पुरवणाऱ्या एका पुरवठादाराशी आमचा तीन वर्षांचा व्यवहार आहे. त्यांच्या लेखा विभागाचा पत्ता `accounts@modern-parts.example` असा आहे. सोमवारी या पत्त्यावरून दोन थकीत बिलांची आठवण करून देणारी मेल आली. मंगळवारी त्याच साखळीत, त्याच विषयाखाली, खाली सोमवारचा सगळा मजकूर जसाच्या तसा असलेली दुसरी मेल आली. तिच्यात म्हटले होते की पुरवठादाराच्या बँक खात्याचे लेखापरीक्षण चालू असल्याने या वेळची रक्कम सोबत दिलेल्या खात्यात भरावी. सहायकांनी नियमाप्रमाणे लेटरहेडवरचे पत्र मागितले. बुधवारी पत्र आले, त्यावर शिक्का होता आणि सहीही होती. गुरुवारी "रक्कम कधीपर्यंत जमा होईल?" अशी विचारणा आली. सहायकांनी बुधवारची मेल मंजुरीसाठी व्यवस्थापकांना फॉरवर्ड केली, व्यवस्थापकांनी संध्याकाळी प्रवासात असताना फोनवरूनच मंजुरी दिली आणि ती रक्कम सोमवारी बँकेकडे जाणाऱ्या यादीत चढली.

शुक्रवारी सकाळी पुरवठादाराकडून पुन्हा बिलांची आठवण आली. या वेळी आमच्या भांडारप्रमुखांना प्रत घातलेली होती, आणि नव्या खात्याचा त्यात उल्लेखही नव्हता. भांडारप्रमुखांनी सहायकांना फोन करून विचारले, "मॅडम, या मेलवर मला इशारा दिसतोय, ही खोटी तर नाही ना?" सहायकांनी आपल्या पडद्यावर तीच मेल उघडली, तर त्यांना तसा इशारा दिसला नाही. मग त्यांना आठवले की तशीच ओळ मंगळवारच्या मेलवर आपण पाहिली होती. तेव्हा त्या उठून माझ्याकडे आल्या.

त्यांच्या पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसत होते, ते जवळून पाहू. पुरवठादाराकडून आलेल्या प्रत्येक मेलवर, खऱ्या आणि खोट्या सगळ्यांवर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी `External` असा छोटा टॅग होता. मंगळवारच्या आणि बुधवारच्या मेलवर, मजकुराच्या वर, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती :

```
You don't often get email from accounts@modem-parts.example. Learn why this is important
```

गुरुवारच्या मेलवर ही ओळ नव्हती. शुक्रवारच्या मेलवर सहायकांकडे नव्हती आणि भांडारप्रमुखांकडे होती, पण त्यांच्याकडच्या ओळीतला पत्ता वेगळा होता. दोन्ही पडदे शेजारी ठेवून मी त्यांना पत्ता अक्षर अक्षर वाचायला सांगितला. भांडारप्रमुखांच्या ओळीत `modern` होते आणि सहायकांच्या मंगळवारच्या ओळीत `modem`. लहान आकारात `r` आणि `n` ही अक्षरे एकमेकांना इतकी चिकटतात की त्यांचा `m` दिसू लागतो. इथे तर `modem` हा नेहमीच्या वापरातला शब्दही आहे, त्यामुळे डोळा कुठे अडखळतही नाही. इनबॉक्सच्या यादीत आणि फोनवर पत्ता दिसत नव्हता, फक्त पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले नाव दिसत होते, आणि ते नाव दोन्हीकडे एकच होते. मजकुराच्या वरच पूर्ण पत्ता छापणारी ती बारीक ओळ होती आणि तीच न वाचता राहून गेली होती.

आता मुख्य मुद्दा. या दोन सूचना दिसायला एका जातीच्या वाटतात, परंतु त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. `External` हा टॅग एवढेच सांगतो की ही मेल आपल्या संस्थेच्या मेल व्यवस्थेबाहेरून आली आहे. संस्थेने आपली म्हणून नोंदवलेल्या डोमेनची एक यादी असते आणि आतून येणारी मेल ओळख पटवलेल्या जोडणीवरून येते. या दोहोंत जी बसत नाही ती बाहेरची. पाठवणारा सज्जन आहे की लबाड, मेल मागवलेली आहे की आगंतुक, पत्ता खरा आहे की बनावट, यांपैकी काहीही हा टॅग तपासत नाही. आमच्याच पगारपत्रकांच्या मेल बाहेरच्या सेवेकडून आमच्याच डोमेनच्या नावाने येतात आणि त्यांवरही तो लागत असे, कारण त्या खरोखरच बाहेरून येतात.

लेखा विभागासारख्या ठिकाणी, जिथे बहुतेक पत्रव्यवहार बाहेरच्यांशीच असतो, तिथे या टॅगचा उपयोग जवळजवळ उलटा आहे. सहायकांनी मला सांगितले, "सर, External तर माझ्या प्रत्येक मेलवर असतं. मी आता ते बघतच नाही." त्यांचा यात दोष नाही. जी खूण खऱ्या आणि खोट्या दोन्ही मेलवर सारखीच दिसते, ती त्या दोहोंत निवड करायला मदत करू शकत नाही. हा टॅग एकाच परिस्थितीत खरोखर बोलतो : मेल आतल्या माणसाची असल्याचे भासवत असेल आणि तिच्यावर टॅग असेल तेव्हा. संचालकांच्या नावाने "मी बैठकीत आहे, ताबडतोब एवढे करा" अशी मेल आली आणि नावाशेजारी `External` दिसला, तर तो विसंगतीवर बोट ठेवतो. पुरवठादाराच्या मेलवर तो असणे हे केवळ वस्तुस्थितीचे कथन आहे.

दुसरी ओळ वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. या पत्त्यावरून या विशिष्ट व्यक्तीला पूर्वी किती वेळा मेल आली आहे, हा तो प्रश्न. पाठवणारा या व्यक्तीला प्रथमच लिहीत असेल, किंवा क्वचितच लिहीत असेल, तर ओळ दिसते. म्हणून ती मेलच्या गुणांबद्दल बोलत नाही. घेणारा आणि पत्ता यांच्यातल्या आजवरच्या संबंधाबद्दल ती बोलते. त्यामुळेच एकच मेल दोघांना मिळाली तरी एकाला ओळ दिसू शकते आणि दुसऱ्याला नाही.

हे एकदा लक्षात आले की शुक्रवारचे कोडे सुटते. भांडारप्रमुखांना पुरवठादाराच्या लेखा विभागाकडून एरवी मेल येतच नाहीत, त्यांचा संबंध विक्री विभागाशी. म्हणून खऱ्या मेलवरही त्यांना ओळ दिसली, आणि त्यांच्या दृष्टीने ती बरोबरच होती. सहायकांना त्या पत्त्यावरून तीन वर्षे मेल येत आहेत, म्हणून त्यांना ती दिसली नाही, आणि तेही बरोबर होते. मंगळवारी सहायकांना ओळ दिसली, कारण `modem` हा पत्ता त्यांच्या पेटीला पूर्ण अनोळखी होता. गुरुवारी ती गेली, कारण तोवर त्या पत्त्याशी दोन मेल आणि त्यांची उत्तरे अशी देवाणघेवाण झाली होती. ओळ नाहीशी होणे याचा अर्थ व्यवस्थेला आता खात्री पटली असा नव्हता. पत्ता आता नवा राहिला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

सहायकांनी गुरुवारी ओळ दिसत नाही हे पाहिले होते, आणि त्यांनीच मला सांगितले की तेव्हा त्यांना थोडे हायसे वाटले होते. ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागली. ओळखीची मोजदाद म्हणून बनवलेली सूचना माणूस सुरक्षिततेचा निकाल म्हणून वाचतो. मग तिचे दिसणे हा आरोप आणि न दिसणे ही निर्दोष मुक्तता होऊन बसते. आणि ही मुक्तता फसवणाऱ्याला दोन दिवसांत, नुसती उत्तरे मिळवून, पदरात पाडून घेता येते.

तरीसुद्धा मंगळवारच्या त्या ओळीचे मोल मी कमी करणार नाही, कारण ती योग्य जागी आणि योग्य वेळी आली होती. तीन वर्षे चाललेल्या साखळीच्या मधोमध, ज्याच्याशी कालच पत्रव्यवहार झाला त्याच्या नावापुढे, "यांच्याकडून तुम्हाला सहसा मेल येत नाही" असे लिहून येणे ही गोष्ट जुळणारी नाही. नवा माणूस असता तर ओळ अपेक्षितच होती आणि तिच्यातून काही कळले नसते. जुन्या माणसाच्या मेलवर ती आली म्हणजे दोनांपैकी एक : एक तर त्याने पत्ता बदलला आहे, किंवा हा तो माणूस नाही. आपली पेटी नवी असणे किंवा समोरचा वर्षातून एकदाच लिहिणारा असणे, ही कारणेही असू शकतात, पण ती आपली आपल्याला माहीत असतात. इथे दोन्ही लागू नव्हती.

फसवणाऱ्याला पत्ता बदलावा का लागला, हेही समजून घेण्यासारखे आहे. सोमवारचा मजकूर त्याच्याकडे होता, म्हणजे दोहोंपैकी एका बाजूची पेटी तो वाचत होता. आमच्या बाजूच्या लॉगिनच्या नोंदी आणि पेट्यांचे नियम मी तपासले, त्यांत काही आढळले नाही. पुरवठादाराच्या तंत्रज्ञांनी पाहिले तेव्हा त्यांच्या लेखा विभागाच्या पेटीत कोणीतरी एक नियम घालून ठेवलेला सापडला, ज्यामुळे देयकांशी संबंधित शब्द असलेल्या मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर जात होत्या. पेटी हातात असूनही त्याने त्याच पेटीतून मेल पाठवली नाही, कारण तसे केले असते तर आमची उत्तरे खऱ्या कर्मचाऱ्यांसमोर जाऊन पडली असती. पुढचे संभाषण खऱ्या पेटीबाहेर, स्वतःच्या ताब्यातल्या डोमेनवर नेणे त्याला सोयीचे होते. त्यासाठी त्याला नव्या पत्त्याने एकदा तरी समोर यावेच लागले, आणि पहिल्या संपर्काची सूचना नेमकी त्या एका पावलावर उमटते. मंगळवारच्या मेलच्या प्रतींच्या ओळीतही त्याने हात फिरवला होता. पुरवठादाराच्या विक्री अधिकाऱ्यांचा पत्ताही तिथे `modem` वरचाच होता. म्हणजे "सर्वांना उत्तर" दिले तरी एकही उत्तर खऱ्या संस्थेत पोहोचले नसते.

मेलची शहानिशा करणाऱ्या तपासण्यांनी हे का पकडले नाही, असे व्यवस्थापकांनी विचारले. मी त्यांना मंगळवारच्या मेलच्या हेडरमधला, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या नोंदींमधला, हा भाग दाखवला :

```
spf=pass  smtp.mailfrom=modem-parts.example
dkim=pass header.d=modem-parts.example
dmarc=pass header.from=modem-parts.example
```

तिन्ही तपासण्या उत्तीर्ण आहेत, आणि त्यात काहीच चूक नाही. एसपीएफ हे पाहते की मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनने परवानगी दिली आहे का. डीकेआयएम मेलवरची त्या डोमेनची डिजिटल सही पडताळते. डीमार्क हे पाहते की दिसणाऱ्या पत्त्याचे डोमेन या दोहोंपैकी एकाशी तरी जुळते का. `modem-parts` हे डोमेन फसवणाऱ्यानेच रीतसर विकत घेतले होते आणि त्याच्या नोंदी व्यवस्थित लावल्या होत्या. मेल खरोखरच `modem-parts` कडून आली होती, आणि तपासण्या तेवढेच प्रमाणित करतात. `modem-parts` म्हणजे आपला पुरवठादार नव्हे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच ज्यांची ओळख पडताळता आली नाही अशा मेलवर पाठवणाऱ्याच्या चित्राच्या जागी आउटलुक जे प्रश्नचिन्ह दाखवतो, तेही इथे दिसले नाही.

आता मंजुरीच्या टप्प्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरे खिंडार तिथे पडले होते. सहायकांनी मेल फॉरवर्ड केली तेव्हा ती व्यवस्थापकांना सहायकांकडून मिळाली, म्हणजे संस्थेच्या आतून. साहजिकच तिच्यावर `External` टॅग नव्हता. हा टॅग मेलच्या मजकुराला चिकटलेला नसतो, त्या एका पोहोचवणीला लावलेला असतो. नवी पोहोचवणी आतली झाली की टॅग गळून पडतो. पहिल्या संपर्काची ओळ मात्र आली होती, कारण आउटलुकमध्ये ती मेलच्या मजकुराच्या सुरुवातीलाच घातली जाते आणि फॉरवर्ड करताना उद्धृत मजकुराबरोबर पुढे जाते. व्यवस्थापकांच्या फोनवर ती सहायकांच्या दोन वाक्यांखाली, पाठवणारा, दिनांक आणि विषय यांच्या जंत्रीनंतर, कुठेतरी मध्ये होती. ते मला म्हणाले, "मी वाचली असेलही, पण ती मॅडमना उद्देशून आहे असं वाटलं." त्यांचे म्हणणे खरे होते. ती ओळ खरोखर सहायकांच्या पेटीबद्दलच बोलत होती. परंतु मंजुरी देणाऱ्याला ज्या माहितीची गरज होती, ती दुसऱ्याच्या नावाने आलेली जुनी चिठ्ठी होऊन त्यांच्यासमोर आली.

त्यात आणखी भर अशी की व्यवस्थापक फोनवर आउटलुकचे ॲप न वापरता फोनबरोबर आलेले मेल ॲप वापरत होते. `External` हा टॅग आउटलुक स्वतः दाखवतो. दुसऱ्या ॲपला तो माहीतच नसतो, त्यामुळे थेट बाहेरून आलेल्या मेलवरही त्यांना तो कधी दिसला नव्हता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत आम्ही वेगळी पद्धत वापरत होतो. सर्व्हरवरच्या नियमाने बाहेरच्या प्रत्येक मेलच्या मजकुरात वरती पिवळी पट्टी घातली जाई. ती कोणत्याही ॲपमध्ये दिसे, फॉरवर्ड केली तरी सोबत जाई. पण यादीत प्रत्येक मेलचे जे एक-दोन ओळींचे दर्शन होते, ते त्या पट्टीच्या वाक्यानेच व्यापले जाई आणि लांब साखळीत एकाखाली एक दहा पट्ट्या साचत. लोकांच्या तक्रारी रास्त होत्या, म्हणून मी पट्टी काढून टॅग चालू केला. त्या वेळी कोण कोणते ॲप वापरतो याची चौकशी मी केली नाही. ती करायला हवी होती.

मजकुरात घातलेल्या पट्टीची याहून मोठी अडचणही इथेच नोंदवतो. मेलचा मजकूर वेबपानासारख्या भाषेत लिहिलेला असतो, आणि त्याची दिसण्याविषयीची सूत्रे पाठवणारा ठरवतो. सर्व्हरने वरती घातलेली पट्टीही त्याच मजकुराचा भाग होते. तेव्हा पाठवणारा आपल्या सूत्रांत अशी काही योजना करू शकतो की ती पट्टी पांढऱ्यावर पांढरी होईल किंवा शून्य आकाराची होईल. बाह्य मेलच्या पट्ट्यांबाबत हे २०२१ मध्ये जाहीरपणे दाखवून देण्यात आले, आणि आउटलुकच्या पहिल्या संपर्काच्या ओळीबाबत २०२४ मध्ये. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : जो पट्टी लपवू शकतो तो पट्टी रंगवूही शकतो. "हा पाठवणारा पडताळलेला आहे" असा हिरवा चौकोन मजकुरात काढायला कोणाचीही परवानगी लागत नाही. ओळखण्याची खूण अशी की ॲपची स्वतःची सूचना मजकुराच्या चौकटीबाहेर, नाव आणि दिनांकाच्या पट्ट्यात किंवा मेलच्या यादीत असते.  त्या चौकटीच्या आत जे असते ते मजकुराचे, आणि मजकुराचा मालक पाठवणारा असतो.

जीमेलमध्ये कामाच्या खात्यांवर असाच पिवळा `External` टॅग दिसतो, आणि त्याचाही अर्थ संस्थेबाहेरचा एवढाच. तिथे एक वेगळी सूचना मात्र उत्तर लिहिताना येते. ज्या बाहेरच्या व्यक्तीशी आपला नेहमीचा संपर्क नाही आणि जी आपल्या संपर्कयादीत नाही, तिला उत्तर देऊ लागलो की इशारा मिळतो. ओळखीची मोजदाद इथे मेल येताना होत नाही, आपण उत्तर देताना होते. आमच्या सहायक जीमेलवर असत्या, तर पत्र मागणारे पहिले उत्तर लिहितानाच त्यांना थांबवले गेले असते. यावरून हेही कळते की अनोळखी पत्ता घाईने संपर्कयादीत घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने ती सूचना बंद करणे होय.

शुक्रवारी दुपारीच आम्ही पुरवठादाराला फोन केला. बुधवारच्या पत्रावरचा क्रमांक वापरला नाही, कारण तो फसवणाऱ्याचा असण्याचीच शक्यता अधिक होती. तीन वर्षांपूर्वी पुरवठादाराची नोंदणी करताना फाइलमध्ये लावलेल्या अर्जावरचा क्रमांक लावला. त्यांनी कोणतेही खाते बदललेले नव्हते. यादीतली नोंद काढली, `modem-parts.example` डोमेन अडवले आणि इतर कोणाला तिथून मेल आली आहे का हे नोंदींत पाहिले. आणखी कोणालाच आलेली नव्हती.

त्यानंतर मांडणीत जे बदल केले, ते थोडे आहेत. `External` टॅग चालूच ठेवला, पण आमच्याच बाहेरच्या सेवांवरचा काढला, म्हणजे तो दिसला की काही अर्थ राहील. त्यासाठी एक अपवादयादी असते आणि तिच्यात ५० पर्यंत नोंदी बसतात. यादी मी मुद्दाम अगदी छोटी ठेवली आहे. अपवाद दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनवरून ठरतो, तेव्हा ज्या डोमेनची नक्कल करणे सोपे आहे ते यादीत घातले तर नकली मेलही टॅगविना येईल. म्हणून ज्यांनी तपासणीत न बसणारी मेल अडवायला सांगणारे डीमार्कचे कडक धोरण लावले आहे अशीच डोमेन घेतली. पुरवठादारांपैकी एकही घेतला नाही. पहिल्या संपर्काची ओळ सर्वांसाठी चालू आहे याची खात्री केली. ती फसव्या मेलविरुद्धच्या मूळ धोरणात वेगळी चालू करावी लागते. खालची पहिली आज्ञा टॅगची, दुसरी या ओळीची :

```
Set-ExternalInOutlook -Enabled $true
Set-AntiPhishPolicy -Identity "Office365 AntiPhish Default" -EnableFirstContactSafetyTips $true
```

व्यवस्थापकांसह मंजुरी देणाऱ्या चौघांच्या फोनवर आउटलुकचे ॲप बसवले. बँक खाते बदलण्याची विनंती मंजुरीसाठी पाठवायची असेल, तर मेल फॉरवर्ड न करता जोडपत्र म्हणून पाठवायची, असे ठरवले. जोडपत्रात मूळ मेल तिच्या हेडरसह शाबूत राहते आणि मंजुरी देणाऱ्याला ती उघडून पाठवणाऱ्याचा खरा पत्ता पाहता येतो. शिवाय सहायकांनी तो पत्ता विनंतीत स्वतः टाइप करायचा, चिकटवायचा नाही. ही सूचना त्यांचीच होती. चिकटवताना डोळा अक्षरांवरून सरकतो, पण टाइप करताना `m` लिहायचा की `r` आणि `n`, हे बोटांना ठरवावेच लागते.

एक प्रश्न भांडारप्रमुखांनी विचारला होता, त्याचे उत्तर मी त्यांना आधी नीट दिले नव्हते. "म्हणजे माझ्याकडची ओळ चुकीची होती का?" ती चुकीची नव्हती. ती खरे सांगत होती आणि मेलही खरी होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. त्यांनी ती वाचून फोन केला नसता, तर सहायकांनी दोन मेलची तुलना केली नसती आणि सोमवारी रक्कम गेली असती. निरुपद्रवी मेलवरच्या सूचनेने उपद्रवी मेल उघडकीस आणली.

या ओळीला जे दिसूच शकत नाही, त्याचा प्रसंग चार महिन्यांनी आला. त्याच पुरवठादाराने या वेळी खरोखर बँक बदलली. मेल `accounts@modern-parts.example` वरून आली. पहिल्या संपर्काची ओळ तिच्यावर नव्हती, तिन्ही तपासण्या उत्तीर्ण होत्या आणि टॅग रोजच्यासारखा होता. खरे तर त्या पेटीत पुन्हा कोणी शिरून तिथूनच ही मेल लिहिली असती, तरी पडद्यावर अक्षरन् अक्षर हेच दिसले असते, आणि पूर्वी तिथे कोणीतरी शिरले होतेच. सहायकांनी जुन्या अर्जावरचा क्रमांक फिरवला, नव्या खात्याचे शेवटचे चार अंक समोरच्यांकडून वदवून घेतले आणि फोनची वेळ विनंतीवर लिहून ती माझ्या समोरूनच व्यवस्थापकांकडे नेली.